कोणीच न मारलेली प्यादी

नव्याने स्पर्धा खेळू लागलेल्या खेळाडूला कोणीतरी सांगते, की समोरच्याचे प्यादे एकटे पडले आहे, ते कमजोर आहे. झाले, पठ्ठ्या लगेच हत्ती त्या प्याद्यासमोर आणतो, मागे वजीर लावतो. समोरचाही एक हत्ती आणि वजीर त्याच्या रक्षणाला आणून ठेवतो. दोन हल्लेखोर, दोन रक्षक. हिशेब तिथेच मिटतो आणि तासाभराने डाव बरोबरीत सुटतो. मग वाटते, पुस्तकात कमजोर म्हटलेले प्यादे प्रत्यक्षात पडत का नाही?

याचे उत्तर तीन जुन्या, गाजलेल्या डावांत सापडते. एकात एकाकी प्यादे आहे, दुसऱ्यात दुहेरी प्यादी आहेत, तिसऱ्यात मागे पडलेले प्यादे आहे. तिन्ही डाव कमजोर प्यादे असलेल्या बाजूने गमावले. गंमत अशी, की तिन्ही डावांत पराभूत खेळाडूने हार मानली तेव्हा ते बदनाम प्यादे पटावरच होते. ते कोणी मारलेच नव्हते.

पहिला डाव १९८१ सालचा, इटलीतल्या मेरानो गावातला. जगज्जेतेपदाच्या लढतीत अनातोली कार्पोव आणि व्हिक्टर कोर्चनॉय समोरासमोर होते. नवव्या डावात पांढरी मोहरी कोर्चनॉयकडे होती. दहा चाली झाल्या तेव्हा त्याचे डी-४ वरचे प्यादे एकाकी होते. एकाकी म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंच्या, सी आणि ई या पट्ट्यांत पांढऱ्याचे एकही प्यादे उरले नव्हते. अशा प्याद्याला दुसरे प्यादे आधार देऊ शकत नाही, ते काम मोहऱ्यांना करावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या पुढ्यातले डी-५ हे घर. तिथे काळ्याने मोहरा बसवला, तर त्याला हुसकावायला पांढऱ्याकडे प्यादेच नसते.

अर्थात या प्याद्याचे फायदेही आहेत. त्याच्या आधाराने घोडा ई-५ वर ठाण मांडतो, दोन्ही बाजूंच्या मोकळ्या पट्ट्यांवर हत्ती येतात आणि पटावर मोहरी भरपूर असतील तर काळ्याच्या राजावर चाल करून जाता येते. कधी ते प्यादे स्वतःच डी-५ वर मुसंडी मारते आणि काळ्याची सगळी मांडणी विस्कटते. म्हणून कार्पोवने प्याद्याकडे आधी पाहिलेच नाही. त्याने हल्ला करू शकणारी मोहरी पटावरून कमी करायला घेतली. अकराव्या चालीत घोडा पटाच्या कडेला, एच-५ वर नेऊन त्याने उंटांची अदलाबदल करवली. सोळाव्या चालीला घोड्याने घोडा मारला. सतराव्या चालीला त्याने उंट सी-६ वर आणला, आणि ई-५ वरच्या दिमाखदार घोड्याने तो उंट मारला. अठरा चालींनंतर दोघांकडे वजीर आणि दोन-दोन हत्ती उरले होते. शिवाय पांढऱ्याकडे एक उंट आणि काळ्याकडे एक घोडा. पांढऱ्याचा हल्ला संपला होता. प्यादे मात्र जागेवरच होते.

आता तो घोडा पंचविसाव्या चालीला डी-५ वर जाऊन बसला. कोर्चनॉयने उंटाने त्याला मारले, तेव्हा त्याच घरात काळा हत्ती आला. एकोणतिसाव्या चालीनंतरचे चित्र पटावर मांडून पाहण्यासारखे आहे. डी पट्टीत डी-५ वर काळा हत्ती, त्याच्या मागे डी-७ वर वजीर, त्याच्याही मागे डी-८ वर दुसरा हत्ती. तिघे एका रांगेत, रोख एकाच प्याद्यावर. आता धमकी होती ई-५ वर प्यादे सरकवण्याची. डी-४ चे प्यादे ज्या जागी अडकले होते, तिथेच त्याच्यावर आणखी एक घाव बसणार होता.

ही धमकी थांबवायला कोर्चनॉयने आपल्या राजापुढचे प्यादे एफ-४ वर ढकलले. डावाची किल्ली इथे आहे. एका प्याद्याला वाचवताना राजाच्या अंगणाचे कुंपण मोडले. कार्पोवने तरीही घाई केली नाही. आधी वजिराच्या बाजूला प्यादी पुढे काढून पांढऱ्याचा वजीर आणि एक हत्ती तिकडे ए पट्टीवर ओढून नेले. मगच, पस्तिसाव्या चालीला, त्याने ई-५ केले. अडतिसाव्या चालीला डी-४ च्या प्याद्याने ई-५ वर आलेला काळा हत्ती मारला. ते डी पट्टीतून बाजूला झाले आणि त्याच क्षणी डी-८ वरच्या काळ्या हत्तीने डी-२ वरचा पांढरा हत्ती उचलला. उघड्या राजाभोवती काळा वजीर फिरू लागला. त्रेचाळिसाव्या चालीला त्याने डी-५ वरून राजाला शह दिला आणि त्याच तिरप्या रेषेत ए-८ वरच्या हत्तीवरही नेम धरला. कोर्चनॉयने हार मानली. एकेकाळचे एकाकी प्यादे ई-५ वर सुखरूप उभे होते.

दुहेरी प्यादी म्हणजे एकाच पट्टीत एकामागे एक उभी असलेली एकाच रंगाची दोन प्यादी. ती कधी वाईट आणि कधी उपयोगी, हे एकाच डावात पाहायचे तर १९७२ सालच्या रेक्याविक इथल्या बॉबी फिशर–बोरिस स्पास्की लढतीचा पाचवा डाव घ्यावा. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या फिशरने सहाव्या चालीला सी-३ वरचा घोडा आपल्या उंटाने आपणहून मारला. स्पास्कीने बी पट्टीतल्या प्याद्याने उंट घेतला आणि त्याची सी-३ व सी-४ ही प्यादी एकामागे एक झाली. नवव्या चालीला मधला भाग कुलूपबंद झाला. समोर सी-५ वर काळे प्यादे असल्याने ही जोडी हलणार कशी? पांढऱ्याची सी-४, डी-५ आणि ई-४ ही प्यादी पांढऱ्या घरांत रुतली आणि त्याचा पांढऱ्या घरांवरचा उंट त्यांच्यामागे कोंडला गेला.

दुसरे नुकसान सहज नजरेत येत नाही. बी पट्टीतले प्यादे सी पट्टीत गेल्यामुळे ए पट्टीतले प्यादे एकटे पडले. पुढे ते ए-४ वर आले आणि काळ्याने समोर ए-५ वर प्यादे आणून त्याला तिथेच खिळवले. जोड झाली सी पट्टीत, अनाथ झाले शेजारचे. सत्ताविसाव्या चालीला स्पास्कीच्या वजिरावर दोन कामे पडली होती: ए-४ चे प्यादे राखायचे आणि ई-४ चेही. फिशरने उंटाने ए-४ चे प्यादे मारले. वजिराने उंट घ्यावा, तर काळा वजीर ई-४ चे प्यादे मारतो आणि मग जी-२ वर एक मात, ई-१ वर दुसरी. दोन्ही एकदम थांबत नाहीत. स्पास्कीने तिथेच डाव सोडला. सी-३ आणि सी-४ ची प्यादी अजून उभीच होती.

फिशरकडेही दुहेरी प्यादी होती, हे इथे विसरू नये. बाराव्या चालीला जी-६ वर मारताना त्याने एफ पट्टीतले प्यादे वापरून स्वतःची जी-६ आणि जी-७ ही जोडी करून घेतली. त्यातून त्याच्या हत्तीला एफ पट्टी मोकळी मिळाली. शिवाय पुढचे प्यादे जी-५ वर जाऊन एफ-४ या घरावर पहारा देऊ लागले. शेवटी त्याच घरात त्याचा घोडा येऊन बसला. स्पास्कीची जोडी जागेवर गोठली होती, फिशरची काम करत होती. फरक एवढाच.

मागे पडलेल्या प्याद्याचा धडा त्याहून सरळ आहे. मॉस्को, १९४५. पांढऱ्या बाजूने वासिली स्मिस्लोव, पुढे १९५७ साली जगज्जेता झालेला, आणि काळ्या बाजूने रुदाकोव्स्की. सिसिलियन बचावात अकराव्या चालीला काळ्याने ई-५ केले. सी पट्टीतले प्यादे आधीच गेले होते, ई पट्टीतले पुढे निघून गेले, त्यामुळे डी-६ चे प्यादे मागे राहिले. ते डी-५ वर सरकेपर्यंत ते घर काळ्याच्या हातचे गेले, कारण त्यावर पहारा ठेवायला त्याच्याकडे दुसरे प्यादेच नव्हते. उरले दोन पहारेकरी: ई-६ वरचा उंट आणि एफ-६ वरचा घोडा.

स्मिस्लोवने याच दोघांचा निकाल लावला. तेराव्या चालीला एफ-५ करून त्याने उंटाला हलायला लावले. तो सी-४ वर आला, तर पांढऱ्या उंटाने त्याला मारले. मग दुसरा उंट जी-५ वर आणून सोळाव्या चालीला घोडाही मारला. लगेच सतराव्या चालीला पांढरा घोडा डी-५ वर. काळ्याकडे उरलेला उंट काळ्या घरांतून चालणारा, आणि डी-५ आहे पांढरे घर. डाव संपेपर्यंत तो उंट त्या घोड्याला हात लावू शकला नसता. आपले दोन्ही उंट देऊन एक न हलणारा घोडा मिळवणे हा सौदा स्मिस्लोवला फायद्याचा वाटला आणि तो ठरलाही. पुढे त्याने एफ-६ वर प्यादे ढकलून राजावर हल्ला केला आणि अठ्ठाविसाव्या चालीला काळ्याने हार मानली. मागे पडलेले प्यादे एक चाल आधी डी-५ वर सरकले होते, पण तोवर फार उशीर झाला होता.

याचा अर्थ असे प्यादे कधीच पत्करू नये असा नाही. सिसिलियन बचावाच्या अनेक प्रकारांत काळा डी-६ वर असेच प्यादे ठेवतो. मात्र डी-५ वर लक्ष ठेवणारा उंट आणि घोडा तो सहजासहजी देत नाही आणि डी-५ करण्याची संधी शोधत राहतो. एकाकी प्यादे असलेल्यालाही हाच नियम: मोहऱ्यांची अदलाबदल जितकी लांबवता येईल तितकी लांबवावी.

हे पडताळून पाहायचे असेल तर मेरानोचा डाव पटावर मांडा आणि अठराव्या चालीला थांबा. पांढऱ्याचे कोणते मोहरे डी-४ च्या प्याद्याला बांधले गेले आहे आणि काळ्याचे कोणते मोकळे आहे, हे कागदावर लिहा. मग एकोणतिसाव्या चालीला पुन्हा थांबून तीच यादी करा. दोन याद्या शेजारी ठेवल्या की कोर्चनॉयला राजापुढचे प्यादे का हलवावे लागले ते दिसेल.