यंत्र समोर, यादी कोरी

रक्तदाब मोजायचं यंत्र टेबलावर आहे. दंडाला पट्टा बांधून मोजणी झाली, पडद्यावर आकडे आले, कोपऱ्यात ब्लूटूथचं चिन्ह लुकलुकतंय. शेजारी नवा अँड्रॉइड फोन, त्याचं ब्लूटूथ चालू. तरी यंत्राबरोबर आलेलं ॲप उघडून ‘शोधा’ दाबलं की चकती फिरते, फिरते आणि म्हणते, एकही उपकरण सापडलं नाही. जुन्या फोनवर हेच ॲप दोन सेकंदांत यंत्र दाखवत होतं. नव्या फोनवर ब्लूटूथचे हेडफोन मात्र छान गाणी वाजवताहेत, म्हणजे ब्लूटूथ बिघडलेलं नाही. मग घरातला कोणीतरी फोन बंद-चालू करतो, दुसरा यंत्रातल्या बॅटऱ्या बदलतो, तिसरा यंत्र दुकानात परत न्यायला निघतो.

बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं. ॲपच्या हातून एक परवानगी निसटलेली असते. फोनच्या सेटिंग्जमध्ये तिचं नाव ‘Nearby devices’ असं दिसतं. जवळपासची उपकरणं शोधण्याची आणि त्यांना जोडण्याची ही मुभा अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीत, म्हणजे २०२१ साली आली. ती नसेल तर ॲपच्या वाट्याला काहीच येत नाही.

हे समजायचं तर शोध कसा चालतो ते पाहावं लागतं. असं यंत्र ब्लूटूथच्या कमी वीज खाणाऱ्या प्रकारावर चालतं. कोणाशी जोडलेलं नसताना ते ठरावीक अंतराने एक छोटा संदेश हवेत सोडत राहतं: मी अमुक आहे, माझ्याकडे अमुक सेवा आहे. या प्रकारच्या ब्लूटूथला एकूण ४० वाहिन्या आहेत. अशा घोषणांसाठी त्यांतल्या मुख्यतः ३ वापरतात, म्हणून फोनला सगळा पट्टा धुंडाळावा लागत नाही. ‘स्कॅन’ म्हणजे या घोषणा कान देऊन ऐकणं. पण ऐकण्याचं काम ॲप करत नाही. फोनमधली ब्लूटूथची यंत्रणा ते करते आणि ऐकलेलं ॲपकडे पोचवते. पोचवण्याआधी ती विचारते, याला हे सांगायची मुभा आहे का? नसेल तर यंत्राची घोषणा फोनच्या कानावर पडूनही ॲपला त्याचा पत्ता लागत नाही. हेडफोनची गोष्ट वेगळी. ते सेटिंग्जमधून आधीच जोडलेले असतात आणि ते नातं अँड्रॉइड स्वतः सांभाळतं, त्यामुळे त्यांचं वाजणं ॲपबद्दल काहीच सिद्ध करत नाही.

रक्तदाबाच्या यंत्राचं नाव कळलं तर बिघडलं काय, असं वाटणं साहजिक आहे. अडचण यंत्राची नाही, भोवतालच्या बाकीच्या घोषणांची आहे. दुकानांत, विमानतळांवर, संग्रहालयांत भिंतीवर डकवलेले छोटे बीकन असतात. ॲपलने २०१३ साली आयबीकन आणलं, तेव्हापासून हा प्रकार फोफावला. बीकन आपला एक ठरलेला क्रमांक सतत प्रसारित करतो. त्या क्रमांकात अक्षांश-रेखांश नसतात. पण कोणता क्रमांक कुठल्या दुकानाच्या कुठल्या कोपऱ्यात लावलाय याची यादी ज्याच्याकडे आहे, त्याला तुमच्या फोनने तो ऐकला एवढं कळलं की पुरे. जीपीएसला हात न लावता तुम्ही कुठे उभे आहात हे काही मीटरांच्या फरकाने सांगता येतं, तेही छपराखाली, जिथे जीपीएस चाचपडतं.

म्हणून २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीने नियम केला की ब्लूटूथच्या शोधाचे निकाल हवे असतील तर ॲपने ‘लोकेशन’ची परवानगी घ्यावी. तर्क बरोबर होता, पण लोकांना तो विचित्र वाटला. वजनकाट्याच्या ॲपला माझा ठावठिकाणा कशाला हवा, असं विचारत अनेकांनी ‘नाही’ दाबलं आणि काटा सापडेना म्हणून वैतागले. त्यांचा संशय रास्तच होता. वजनकाट्यासाठी दिलेल्या त्या परवानगीतून ॲपला खरोखरच लोकेशन वाचता येत होतं. बाराव्या आवृत्तीने ही गाठ सोडवली. शोधणं आणि जोडणं यांची वेगळी परवानगी केली, आणि शोधाचा वापर ठावठिकाण्यासाठी करणार नाही असं जाहीर करणाऱ्या ॲपला लोकेशन मागायचं कारण उरलं नाही. माझ्या मते ही सुधारणा चांगली होती. तिची अंमलबजावणी मात्र सामान्य माणसाला दिसेल अशी झाली नाही.

गोंधळाचं मूळ त्या कोऱ्या यादीत आहे. ‘आसपास कोणी नाही’ आणि ‘तुला सांगायची परवानगी नाही’ ही दोन अगदी वेगळी उत्तरं आहेत, पण पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. ॲप अकराव्या किंवा त्याआधीच्या आवृत्तीच्या नियमांनी बांधलेलं असेल आणि तुम्ही त्याची ही परवानगी काढून घेतली, तर अँड्रॉइड मुद्दामच गप्प राहतं. जुन्या ॲपला नव्या नकाराची भाषा ठाऊक नाही, ते कोसळू नये म्हणून त्याला नुसती रिकामी यादी मिळते. नव्या नियमांनी बांधलेल्या ॲपला मात्र स्पष्ट नकार येतो. नोंदवहीत असं वाक्य उमटतं:

```
SecurityException: Need android.permission.BLUETOOTH_SCAN permission
```

ॲप लिहिणाऱ्याने हा नकार पकडून वापरणाऱ्याला सांगायला हवा. कित्येक जण तो पकडतात आणि गिळून टाकतात, म्हणजे पुन्हा तीच कोरी यादी.

आता आपल्या रक्तदाबाच्या यंत्राकडे येऊ. पहिला प्रश्न, यंत्र खरंच बोलतंय का? नॉर्डिक सेमीकंडक्टर या कंपनीचं nRF Connect नावाचं मोफत ॲप फोनवर घ्या, ते मागेल ती परवानगी द्या आणि त्यातून शोध घ्या. बरीच यंत्रं बॅटरी वाचवायला मोजणीनंतर थोडाच वेळ बोलतात, म्हणून मोजणी संपता संपता शोध सुरू करा. यादीत यंत्राचं नाव किंवा रक्तदाब सेवेचा ठरलेला क्रमांक 0x1810 दिसला, तर यंत्र आणि फोन दोघेही निर्दोष. इथेही काही दिसलं नाही तर घरातला दुसरा फोन तपासा. जुन्या फोनने यंत्राला आधीच धरून ठेवलं असेल तर ते सहसा घोषणा करायची थांबतं. जुन्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं की ते पुन्हा बोलू लागतं.

यंत्र दिसलं पण मूळ ॲपमध्ये नाही, तर ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ‘App info’ उघडा, ‘Permissions’मध्ये जा. नकार दिलेल्या परवानग्यांच्या खाली ‘Nearby devices’ दिसलं तर तिथे ‘Allow’ करा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. इथे एक खोच आहे. अकराव्या आवृत्तीपासून एखाद्या परवानगीला दोनदा ‘Don’t allow’ म्हटलं की अँड्रॉइड ते ॲपचं कायमचं उत्तर मानतं. पुढे ॲपने कितीही विचारलं तरी प्रश्नाची चौकट वर येतच नाही. ॲपमधलं ‘परवानगी द्या’ हे बटण मग मेल्यासारखं वाटतं, आणि सेटिंग्जची वाट धरण्यावाचून गत्यंतर नसतं. परवानगी दिलेली असूनही यादी कोरी राहिली तर फोनचं लोकेशन चालू करून पाहा. जुन्या नियमांच्या ॲपना आणि ठावठिकाण्याबद्दलची ती जाहीर कबुली न देणाऱ्या ॲपना लोकेशनची परवानगी आणि फोनचं लोकेशन ही दोन्ही अजूनही लागतात.

आणि त्या परवानग्यांच्या पानावर ‘Nearby devices’ हे नावच नसेल तर? मग दोष वापरणाऱ्याचा नाही, ॲपने ती कधी मागितलेलीच नाही. २०२२ मध्ये गूगल प्लेने आधी नव्या ॲपना आणि मग जुन्या ॲपच्या सुधारित आवृत्त्यांना बाराव्या आवृत्तीचे नियम सक्तीचे केले. काहींनी नियमांचा आकडा तेवढा ३० वरून ३१ केला आणि परवानगी मागायची जुनीच ठेवली, लोकेशनची. लोकेशन मिळालं तरी शोध अडला. अशा ॲपच्या जाहीरनाम्यात किमान या ओळी लागतात, आणि शिवाय चालत्या ॲपमध्ये वापरणाऱ्याला विचारावंही लागतं:

```xml
<uses-permission
  android:name="android.permission.BLUETOOTH_SCAN"
  android:usesPermissionFlags="neverForLocation" />
<uses-permission
  android:name="android.permission.BLUETOOTH_CONNECT" />
```

शोधायची आणि जोडायची परवानगी वेगळी आहे, पण वापरणाऱ्याला एकच प्रश्न दिसतो, कारण दोन्ही एकाच गटात आहेत. मागायच्या मात्र दोन्ही. फक्त पहिली मागितली तर यंत्र यादीत येतं आणि जोडायला गेलं की ॲप नकारावर आपटतं. neverForLocation हीच ती कबुली, आणि तिलाही किंमत आहे. ती लिहिली की अँड्रॉइड काही बीकनच्या घोषणा निकालांतून गाळून टाकतं. रक्तदाबाच्या यंत्राला याने फरक पडत नाही. संग्रहालयातले बीकन ओळखणाऱ्या ॲपने ही ओळ लिहिली तर त्याची यादी रिकामी राहू शकते, सगळ्या परवानग्या असूनही.

ॲप लिहिणाऱ्यांना आणखी एक सापळा भेटतो. तीस सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा शोध नव्याने सुरू केला तर अँड्रॉइड काही काळ निकाल देणं थांबवतं. यादी कोरी दिसली म्हणून घाईघाईने ‘शोधा’ पुन्हा पुन्हा दाबणारा माणूस अगदी हेच करतो. अर्धा मिनिट हात आवरला की शोध पूर्ववत चालतो.

‘काही महिन्यांपूर्वी चालत होतं, आता नाही’ या तक्रारीमागे बहुधा वेगळंच कारण असतं. दीर्घकाळ न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड आपणहून काढून घेतं. डॉक्टरांनी रक्तदाब लिहून ठेवायला सांगितला तेवढे दिवस ॲप वापरलं, मग ते पडून राहिलं, आणि पुढच्या तपासणीआधी उघडलं तर परवानगी गेलेली. नीट लिहिलेलं ॲप ती पुन्हा विचारतं. फक्त पहिल्या दिवशी विचारणारं ॲप विचारत नाही आणि रिकामी यादी दाखवत बसतं. त्याच ‘App info’च्या पानावर, बहुधा तळाशी, न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या काढण्याबद्दलचं एक बटण असतं. त्याचं नाव आवृत्तीनुसार बदलतं. वर्षातून दोन-तीनदाच लागणाऱ्या अशा यंत्राच्या ॲपपुरतं ते बंद करून ठेवता येतं.