लंबकाच्या प्रयोगातले हरवलेले दोन सेंटिमीटर

अकरावी-बारावीच्या प्रयोगवहीत साध्या लंबकाचा प्रयोग हमखास असतो. उद्दिष्ट एका ओळीचे: लंबकाची लांबी आणि आवर्तकाल मोजून गुरुत्व त्वरण काढणे. कृतीत मात्र जे खरोखर केले तेच लिहावे. दोऱ्याची लांबी कुठून कुठवर मोजली, गोलक किती अंशांनी बाजूला नेला, किती दोलने मोजली. एका दोलनाऐवजी वीस मोजतात, कारण बटण दाबताना झालेली चूक मग वीस दोलनांत विभागली जाते.

एका विद्यार्थिनीचा तक्ता पाहू. दोऱ्याची लांबी ४० सेंमी असताना वीस दोलनांना २६.० सेकंद लागले, ८० सेंमीला ३६.४ आणि १२० सेंमीला ४४.४. प्रत्येक वेळ तीनदा मोजून सरासरी घेतलेली, वाचनांत साधारण ०.१ सेकंदाचा फरक. T² = 4π²L/g हे सूत्र थेट वापरले, तर ४० सेंमीवरून गुरुत्व त्वरण ९.३४ येते आणि १२० सेंमीवरून ९.६१. अपेक्षित ९.८ च्या जवळ. इथेच अनेकांचा हात खोडरबराकडे जातो. पण लांबी घटते तसे उत्तरही घसरते आहे, आणि ही घसरणच काहीतरी सांगते आहे. वाचन ‘सुधारले’ की तो पुरावाच नष्ट होतो.

तिने आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्या अक्षावर आवर्तकालाचा वर्ग घेऊन आलेख काढला. बिंदू एका सरळ रेषेत आले, पण रेषा आरंभबिंदूतून गेली नाही; उभ्या अक्षाला ०.०७ वर छेदून गेली. रेषेचा चढ ४.०५. छेदाला चढाने भागले की जवळपास दोन सेंटिमीटर मिळतात. तिने दोरा गाठीपर्यंतच मोजला होता; गोलकाची कडी आणि त्रिज्या राहून गेली. लंबकाची लांबी गोलकाच्या केंद्रापर्यंत धरायची असते. चूक सगळ्या वाचनांत सारखीच असल्याने रेषा फक्त वर सरकली, चढ बदलला नाही. चढावरून त्वरण ९.७५ आले.

निष्कर्षात ‘हवेच्या रोधामुळे व मानवी चुकांमुळे फरक पडला’ हे ठरीव वाक्य बहुतेक वह्यांत सापडते. धातूच्या जड गोलकाच्या आवर्तकालावर हवेचा परिणाम इथे नगण्य असतो, आणि ‘मानवी चूक’ म्हटल्याने कोणती, केवढी, उत्तर कोणत्या बाजूला नेणारी, यातले काहीच कळत नाही. तिचा निष्कर्ष असा असायला हवा: ‘आलेखाच्या चढावरून g = ९.७५ ± ०.०८ मीटर प्रति सेकंद वर्ग. अनिश्चितता मुख्यतः स्टॉपवॉचच्या वाचनांमुळे. लांबी गाठीपर्यंतच मोजल्याने एकेका वाचनावरून काढलेले मूल्य कमी येते. आलेखावरून ही तूट सुमारे २ सेंमी दिसते. कडी आणि गोलकाचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजून हे तपासलेले नाही.’