हजार-बाराशे रुपयांत नेकबँड की इअरबड्स?

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारी एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. एमपीएससीची तयारी चालू आहे, रोज साधारण पाच तास मोबाइलवर व्याख्यानं ऐकायची असतात आणि इअरफोनसाठी हातात बाराशे रुपये आहेत. एवढ्या पैशांत मानेवर अडकवायचा नेकबँडही मिळतो आणि डबीतले सुटे इअरबड्सही. दुकानात इअरबड्सच्या खोक्यावर ‘४० तास’ लिहिलेलं दिसतं आणि नेकबँडच्या खोक्यावर ‘२५ तास’. साहजिकच तिचा हात पहिल्या खोक्याकडे जातो.

पण त्या ४० तासांत डबीतली बॅटरीही धरलेली असते. कानात घातलेले बड्स एका दमात पाच-सहा तासच चालतात, मग त्यांना डबीत ठेवून पुन्हा चार्ज करावं लागतं. बड कानाच्या पाळीएवढा लहान असल्यामुळे त्यात जेमतेम ३० ते ५० एमएएचची बॅटरी मावते. नेकबँडच्या मानेवरच्या पट्टीत १५० ते २०० एमएएचची बॅटरी सहज बसते. माझ्या मते पैसे जपून वापरणाऱ्याने निवड करताना सर्वांत आधी हाच फरक पाहावा, कारण वस्तू किती वर्षं टिकेल हे त्यावर ठरतं.

लिथियम बॅटरीचं आयुष्य ती किती वेळा पूर्ण चार्ज झाली यावर बरंचसं अवलंबून असतं. अशा लहान बॅटऱ्या साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्या की त्यांची क्षमता घटून मूळच्या चार-पंचमांशाच्या आसपास येते आणि पुढे घसरतच जाते. आता आपल्या विद्यार्थिनीचा हिशेब करू. रोज पाच तास ऐकायचं तर बड्सना रोज जवळपास एक पूर्ण चार्जिंग लागेल, म्हणजे वर्षाला सुमारे ३५०. नेकबँड प्रत्यक्षात २० तास चालला असं धरलं, तरी तो चार दिवसांनी एकदा चार्ज करावा लागेल, म्हणजे वर्षाला ९० च्या आसपास. बड्सची बॅटरी वर्ष-दीड वर्षात दमते, तेव्हा नेकबँडची निम्मीही वापरलेली नसते. शिवाय डबीत ठेवलेले बड्स बहुतेक वेळ पूर्ण चार्ज झालेल्या अवस्थेत पडून असतात, आणि लिथियम बॅटरीला तेही मानवत नाही.

ही झीज दोन्ही कानांत सारखी होईलच असं नाही. फोनवर बोलताना एकाच बाजूचा माइक चालत असेल किंवा एकच बड जास्त वापरला जात असेल, तर तो आधी थकतो. फोनच्या पडद्यावर एक बड ८० टक्के आणि दुसरा ४० टक्के असं वारंवार दिसू लागलं की हे ओळखावं. त्याआधी डबीतल्या धातूच्या टाचण्या आणि बडवरचे ठिपके कोरड्या कापसाने पुसून पाहावेत, कारण कानातला मळ साचल्यानेही एक बड नीट चार्ज होत नाही. बॅटरीच गेली असेल तर मात्र उपाय जवळजवळ नसतो. बड गोंदाने बंद केलेला असतो, आणि स्वस्त जोडीतला एकच बड सुटा विकत मिळणं कठीण. एक हरवला तरी तीच अडचण.

नेकबँडचं दुखणं वेगळं आहे. त्याची वायर जिथे पट्टीत शिरते किंवा कानातल्या तुकड्याला मिळते, तिथे ती आतून तुटते. सुरुवातीला वायर हलवली की एका कानातला आवाज येतो-जातो. हे दिसल्यावर वॉरंटी असेपर्यंत तो बदलून घ्यावा. वॉरंटी संपली असेल तर मोबाइल दुरुस्तीवाला कधीकधी डाग देऊन काम भागवतो. नेकबँड दप्तरात कोंबू नये आणि कानातून काढताना वायरला धरून ओढू नये, म्हणजे हा बिघाड बराच लांबतो.

काही त्रास दोन्हींत सारखेच. स्वस्त वस्तू दोन्हीकडे टाइप-सी टोकं असलेल्या वायरने कधीकधी चार्जच होत नाहीत. अशा वेळी वस्तू बिघडली असं समजू नये, एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली वायर लावून पाहावी. तसंच लॅपटॉपवरच्या ऑनलाइन वर्गात माइक सुरू करताच शिक्षकांचा आवाज एकदम पातळ, जुन्या टेलिफोनसारखा येतो. ब्लूटूथवर ऐकणं आणि बोलणं एकदम सुरू झालं की आवाजाचा दर्जा खाली येतो. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडला की आवाज पूर्ववत होतो.

तरीही काहींना बड्सच घ्यावेत असं मी सांगेन. हॉस्टेलवर कुशीवर आडवं होऊन ऐकणाऱ्याला नेकबँडची पट्टी मानेखाली टोचते. आणि ज्याला एकाच कानाने ऐकलं तरी चालतं, त्याने आज डावा, उद्या उजवा असा पाळीपाळीने वापर केला, तर प्रत्येक बडची झीज निम्म्यावर येते. मात्र घेण्यापूर्वी खोक्यावर ‘एका चार्जमध्ये बड्स किती तास’ हा बारीक अक्षरांतला आकडा शोधावा आणि तो सहाच्या वर असेल तरच पुढे जावं.