बल्ब आणि ब्रेक लायनर

पन्नास बसच्या डेपोचं स्टोअर घ्या. रॅकवर दोनेक हजार तऱ्हेचे सुटे भाग आहेत. स्टोअरकीपर एक आणि कामाचे तास ठरलेले, त्यामुळे प्रत्येक भागाची दर आठवड्याला मोजदाद करणं शक्य नाही.

अशा वेळी कोणत्या भागावर डोळा ठेवायचा? जनरल इलेक्ट्रिकच्या फोर्ड डिकी यांनी 1951 साली यावर लेख लिहिला आणि 'एबीसी' वर्गवारी रूढ झाली. हिशेब सोपा आहे. वर्षभरात किती नग लागले, त्याला एका नगाच्या किमतीने गुणायचं आणि मोठ्या रकमेपासून खाली यादी लावायची. वरच्या थोड्या भागांतच साधारण सत्तर-ऐंशी टक्के खर्च सापडतो. ते 'ए', मधले 'बी' आणि उरलेली भलीमोठी शेपटी 'सी'.

समजा, ब्रेक लायनरचे 200 संच वर्षाला लागतात, संच 3,000 रुपयांचा. म्हणजे सहा लाख. हेडलाइटचे बल्ब 60, प्रत्येकी 100 रुपये, म्हणजे सहा हजार. दोन्ही वर्षाचे एकदम घेतले, तर सरासरी निम्मा माल रॅकवर पडून राहतो. दरमहा घेतले तर लायनरमध्ये अडकलेली रक्कम तीन लाखांवरून पंचवीस हजारांवर येते. बारा टक्के व्याज धरलं, तर वर्षाला 33,000 रुपये वाचतात. बल्बमध्ये तेवढाच खटाटोप केला, तर वाचतात 330. बारा ऑर्डरी, बारा बिलं आणि बारा वेळा माल तपासणं एवढ्यासाठी कोण करेल? म्हणून लायनरचा साठा बेताचा ठेवून दर आठवड्याला पाहतात. बल्ब वर्षाचे घेऊन दोन खोक्यांत ठेवतात आणि पहिलं खोकं संपलं की ऑर्डर देतात.

हा हिशेब इश्यू रजिस्टरवर चालतो. घाईत बाजारातून रोखीने आणलेले भाग त्यात चढले नाहीत, तर 'ए'मधला भाग खुशाल 'सी'त जाऊन बसतो.

खरी गोची मात्र वेगळीच. गेल्या वर्षी एकही क्राऊन-पिनियन बदलला नाही, तर त्याचा वापर शून्य आणि भाग 'सी'त. महागडा असूनही! तो 'सी'त आहे म्हणून बल्बसारखा ढीग घालणं वेडेपणाच, पण यादीतून उडवला तर बिघाड झालेली बस आठवडाभर उभी राहील. रुपयांना हे दिसत नाही. त्यामुळे जाणते स्टोअरकीपर भाग किती निकडीचा आणि मिळायला किती दिवस लागतात, याची वेगळी खूण कार्डावर करतात. क्राऊन-पिनियनचा एक संच मग वापर शून्य असला तरी ठेवला जातो.

वर्षाची बेरीज ऋतूही लपवते. वायपर ब्लेड 'सी'तलंच, पण कोकणातल्या घाटांतून जाणाऱ्या बसच्या डेपोला त्याची मोजदाद मे महिन्यात करावीच लागते.