पुसट प्रभार आणि सहा इलेक्ट्रॉन

रेडॉक्स अभिक्रियेत एक पदार्थ इलेक्ट्रॉन गमावतो आणि दुसरा ते घेतो. अर्ध-अभिक्रिया पद्धतीत या दोन घटना वेगवेगळ्या लिहून संतुलित करतात आणि शेवटी त्यांची बेरीज करतात. गणित सोपे असले, तरी ते सर्वस्वी प्रत्येक आयनाच्या प्रभारावर उभे असते. सरावपत्रिका मोबाइलवर फोटो रूपात आली की सर्वांत आधी पुसट होतो तो हा प्रभारच. अक्षराच्या डोक्यावरचा बारीक अंक आणि त्यापुढची वजाची रेघ सावलीत किंवा घडीत सहज हरवते.

अकरावीच्या अभ्यासातले नेहमीचे उदाहरण घेऊ. आम्लधर्मी द्रावणात पोटॅशियम डायक्रोमेट आणि सोडियम सल्फाइट यांची अभिक्रिया होऊन क्रोमियम(III) आणि सल्फेट आयन तयार होतात. फोटोत समीकरण असे दिसते:

Cr₂O₇²⁻ + SO₃ → Cr³⁺ + SO₄²⁻

दिसते तसेच उतरवून घेतले, तर SO₃ म्हणजे सल्फर ट्रायऑक्साइड होते. त्यात सल्फरचा ऑक्सिडीकरण अंक +6 आहे आणि सल्फेटमध्येही तो +6 च आहे. म्हणजे सल्फरने एकही इलेक्ट्रॉन दिलेला नाही. मग क्रोमियमला इलेक्ट्रॉन मिळाले कुठून? इथेच फोटोतली चूक उघडी पडते. प्रश्नाच्या शब्दांत ‘सोडियम सल्फाइट’ आहे. त्याचे सूत्र Na₂SO₃. सोडियमचे दोन धन प्रभार आहेत, तेव्हा उरलेल्या आयनावर दोन ऋण प्रभार असायलाच हवेत. हरवलेले चिन्ह म्हणजे SO₃²⁻, आणि त्यात सल्फर +4 आहे. म्हणून समीकरण आधी कागदावर मोठ्या अक्षरात उतरवावे आणि दोन्ही बाजूंचे ऑक्सिडीकरण अंक मांडून पाहावेत. ही दोन मिनिटे वाया जात नाहीत.

आता क्रोमियमचा भाग. डायक्रोमेटमध्ये क्रोमियमचे दोन अणू आहेत, म्हणून उजवीकडे 2Cr³⁺ लिहावे. पहिली पायरी हीच, आणि घाईत तीच सुटते. डावीकडे ऑक्सिजनचे सात अणू आहेत, तेव्हा उजवीकडे पाण्याचे सात रेणू येतात. त्या पाण्यातल्या चौदा हायड्रोजनसाठी डावीकडे 14H⁺ घ्यावे लागतात. द्रावण आम्लधर्मी असल्यामुळे पाणी आणि H⁺ दोन्ही हाताशी असतात, म्हणूनच ते असे वापरता येतात. आता डावीकडचा प्रभार +12 आणि उजवीकडचा +6 आहे. डावीकडे सहा इलेक्ट्रॉन घातले की दोन्ही बाजू जुळतात:

Cr₂O₇²⁻ + 14H⁺ + 6e⁻ → 2Cr³⁺ + 7H₂O

क्रोमियम +6 वरून +3 वर येतो. प्रत्येकी तीन, दोघांचे मिळून सहा इलेक्ट्रॉन. दोन स्वतंत्र वाटांनी एकच आकडा आला, ही मोठी खात्री. Cr³⁺ च्या आधीचा 2 विसरला, तर प्रभारावरून नऊ इलेक्ट्रॉन लागतात. ऑक्सिडीकरण अंक मात्र सहाच सांगतात. असा फरक दिसला की पुढे न जाता मागे वळावे.

सल्फाइटचा भाग लहान आहे. सल्फेटमध्ये एक ऑक्सिजन जास्त आहे, तो डावीकडच्या पाण्यातून येतो:

SO₃²⁻ + H₂O → SO₄²⁻ + 2H⁺ + 2e⁻

इथे दोन इलेक्ट्रॉन सुटतात, तिथे सहा लागतात. म्हणून या अर्ध-अभिक्रियेला तीनने गुणावे. बेरीज करताना दोन्हीकडचे सहा इलेक्ट्रॉन जातात. 14H⁺ मधून 6H⁺ वजा होतात आणि सात पाण्यांतून तीन:

Cr₂O₇²⁻ + 3SO₃²⁻ + 8H⁺ → 2Cr³⁺ + 3SO₄²⁻ + 4H₂O

पडताळणी अणूंची करावी, तशीच प्रभाराचीही. ऑक्सिजन दोन्हीकडे सोळा, हायड्रोजन आठ. डावीकडचा प्रभार −2 −6 +8, म्हणजे शून्य. उजवीकडे +6 −6, तेही शून्य. बरेच विद्यार्थी अणू मोजून थांबतात, पण अणू जुळूनही प्रभार चुकू शकतो. उत्तरात इलेक्ट्रॉन शिल्लक दिसला, तर गुणाकार चुकला आहे.

या उत्तराला एक मर्यादा आहे. तीव्र आम्लात सल्फाइट आयन तसाच राहत नाही. तो H⁺ घेऊन HSO₃⁻ किंवा SO₂ होतो. सल्फर त्यातही +4 च असल्यामुळे इलेक्ट्रॉनांचा हिशेब तोच राहतो, फक्त H⁺ आणि पाण्याचे आकडे बदलतात. SO₂ घेतला तर डावीकडे 2H⁺ पुरतात आणि उजवीकडे पाण्याचा एकच रेणू येतो. पत्रिकेत सल्फाइट छापले असेल, तर उत्तर सल्फाइटचेच लिहावे.

प्रयोगशाळेत हाच बदल डोळ्यांना दिसतो: डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण Cr³⁺ मुळे हिरवे होते. क्रोम प्लेटिंगच्या सांडपाण्यातले विषारी क्रोमियम(VI) काढतानाही आम्लात सल्फाइट किंवा बायसल्फाइट घालून त्याचे क्रोमियम(III) करतात आणि मग अल्कली मिसळून ते हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसवतात.