खुर्चीलाही दाखल क्रमांक

वाचनालयात नवं पुस्तक आलं की ग्रंथपाल आधी दाखल नोंदवही उघडतात. पुस्तकाला पुढचा क्रमांक मिळतो आणि तो शीर्षकपृष्ठाच्या मागे लिहिला जातो. पुस्तक पुढे कादंबरी विभागातून संदर्भ विभागात गेलं, तरी हा क्रमांक बदलत नाही. ते हरवलं तर क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला दिला जात नाही. पण याच वाचनालयातल्या खुर्च्यांची नोंद शोधायला गेलं, तर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये एकच ओळ सापडते : ‘खुर्च्या, ४० नग’.

त्या एका ओळीतून काय होतं, ते तालुक्याच्या एका गावातल्या वाचनालयात मी जवळून पाहिलं. तिथे चाळीस खुर्च्या घेतल्या होत्या, पाच वर्षांनी तशाच आणखी वीस घेतल्या. मोजल्या तेव्हा त्रेपन्न निघाल्या. कमी पडलेल्या सात पहिल्या खरेदीतल्या की दुसऱ्या, हे कुणालाच सांगता येईना. दुसरी खरेदी अनुदानातून झाली होती, त्यामुळे प्रश्न साधा नव्हता. अनुदानाच्या वस्तू देणाऱ्याला दाखवाव्या लागतात आणि परस्पर मोडीत काढता येत नाहीत. म्हणून आम्ही ठरवलं, की जी वस्तू स्वतंत्रपणे हलवता येते किंवा स्वतंत्रपणे दुरुस्तीला जाते, तिला स्वतंत्र क्रमांक द्यायचा. संगणकाचा सीपीयू आणि मॉनिटर वेगळे धरले. भिंतीवरचं घड्याळ, स्टेपलर अशा किरकोळ वस्तूंसाठी कार्यकारी मंडळाने रकमेची मर्यादा ठरवून दिली. तिच्याखालच्या वस्तू या रजिस्टरमध्ये येत नाहीत.

क्रमांक कसा असावा, यावर बराच वाद झाला. एका उत्साही सभासदाने ‘वाचन-कक्ष-कपाट-३’ असे अर्थपूर्ण क्रमांक सुचवले होते. वाचायला ते सोपे, पण कपाट बालविभागात सरकवलं की क्रमांक खोटा ठरतो. मग कुणी तो खोडून नवा लिहितो आणि जुन्या बिलाशी असलेला धागा तुटतो. दाखल क्रमांकाचा नियमच इथे उपयोगी पडला. क्रमांक वस्तूचा असतो, जागेचा नसतो. जागा हा रजिस्टरमधला वेगळा रकाना आहे आणि तो बदलण्यासाठीच असतो. जुनं ठिकाण खोडायचं नाही, तारखेसह नवं खाली लिहायचं. म्हणजे कपाट कधी कुठे होतं, हे पुढेही कळतं.

टॅग टिकवणं हे निराळंच काम. कागदी स्टिकर दोन पावसाळ्यांत सुटतात. मार्करने प्लॅस्टिकवर लिहिलेलं हात लागून पुसट होतं. लोखंडी कपाटाला ऑइलपेंट आणि स्टेन्सिल सर्वांत बरं. खुर्चीचा क्रमांक बैठकीच्या खाली लिहावा, म्हणजे तो झिजत नाही. छताच्या पंख्यावर तो खालून वाचता येईल एवढा मोठा हवा. शिडी लावावी लागली, तर पडताळणीच्या दिवशी पंखा न पाहताच ‘आहे’ असं लिहिलं जातं. यंत्रांचा कंपनीचा सिरियल नंबर रजिस्टरमध्ये घेऊन ठेवला, तर टॅग गळून पडला तरी वस्तू ओळखता येते.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार सरकारी कार्यालयांतल्या स्थावर-जंगम वस्तूंची वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करून निष्कर्ष रजिस्टरमध्ये लिहावे लागतात. आपल्याकडच्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थांचा धागा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याशी जुळतो. स्थावर आणि जंगम मालमत्तेचं रजिस्टर नीट ठेवलं आहे का, हे लेखापरीक्षकाला अहवालात सांगावं लागतं. ताळेबंद पाहून ते सांगता येत नाही. प्राप्तिकराच्या हिशेबात संगणकावर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या ४० टक्के घसारा धरतात. चाळीस हजारांचा संगणक पाच पूर्ण वर्षांनी ३,११० रुपयांवर येतो, पण शून्य कधीच होत नाही. तो भंगारात गेला असला तरी कागदावर जिवंत राहतो.

आमची पडताळणी मार्चअखेरच्या एका सुट्टीच्या दिवशी झाली. दोघे जण होते आणि त्यातल्या एकाचा त्या वस्तू सांभाळण्याशी रोजचा संबंध नव्हता. रजिस्टर आम्ही मुद्दाम कपाटात ठेवलं. ते हातात असलं की नजर फक्त त्यात लिहिलेलं शोधते आणि न लिहिलेलं समोर असूनही दिसत नाही. कोरा कागद घेऊन प्रत्येक खोलीत दारापासून डावीकडून फिरत गेलो आणि दिसेल ती वस्तू, तिचा टॅग आणि अवस्था लिहीत गेलो. संध्याकाळी हे कागद रजिस्टरशी जुळवले.

रजिस्टरमध्ये १४६ वस्तू होत्या. ११८ आपापल्या जागी मिळाल्या. १५ मिळाल्या, पण दुसऱ्याच खोलीत. पाचांचे टॅग गेले होते, त्या सिरियल नंबरवरून ओळखल्या. आठ मिळाल्याच नाहीत. उलट सहा वस्तू समोर होत्या, पण रजिस्टरमध्ये नव्हत्या. त्या सहाही देणगीतल्या होत्या. चार कपाटं आणि दोन टेबलं, प्रत्येकावर ‘स्मरणार्थ’ अशी पट्टी. बिल नव्हतं म्हणून हिशेबात आली नाहीत आणि हिशेबात नाहीत म्हणून रजिस्टरमध्येही नाहीत. देणगीदाराने विश्वासाने दिलेल्या वस्तूची नोंदच नसावी, हे मला फार लागलं. अशा वस्तू देणगीपत्र आणि मंडळाने ठरवलेली अंदाजे किंमत घेऊन त्या दिवसापासून दाखल करायच्या.

न मिळालेल्या आठांपैकी तीन वस्तू दुरुस्तीच्या दुकानात निघाल्या. बाहेर जाताना कुणी पावती केली नव्हती, म्हणून त्या ‘हरवल्या’ होत्या. दोन खुर्च्या शेजारच्या देवळाच्या सभामंडपात कार्यक्रमासाठी गेल्या होत्या, त्या परत आल्या. एक मॉनिटर आणि एक सीपीयू काही वर्षांपूर्वी भंगारात विकले होते. पैसे जमा झाले होते, पण निर्लेखनाचा ठराव झाला नव्हता. ठरावाच्या क्रमांकासह त्या दोन ओळी आता बंद केल्या आणि ताळेबंदातून रक्कम कमी केली. राहिला एक पंखा.

म्हणून स्थितीच्या रकान्यात नुसती बरोबरची खूण पुरत नाही. आम्ही सहा शब्द ठरवले : जागेवर, स्थलांतरित, नादुरुस्त, बाहेर गेलेली, आढळली नाही, निर्लेखित. संगणकावर रजिस्टर असेल, तर प्रत्येक वर्षासाठी नवा रकाना उघडावा. जुन्यावरच नवं लिहिलं, तर दोन वर्षं सलग ‘आढळली नाही’ असलेली वस्तू कधीच लक्षात येत नाही.

पुस्तकांना मात्र हे सगळं जसंच्या तसं लागू पडत नाही. तेच वित्तीय नियम वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयात दरवर्षी पूर्ण मोजणी सांगतात. पण वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या हजार ग्रंथांमागे पाच हरवले, तर अप्रामाणिकपणा नसेल तिथे ते वाजवी धरतात. पुस्तकं फिरण्यासाठीच असतात, म्हणून ही मोकळीक. पंखा कुणी घरी वाचायला नेत नाही.

त्या पंख्याचा हूक बालविभागाच्या छतात रिकामाच होता. रजिस्टरमध्ये त्याच्या ओळीपुढे ‘आढळला नाही’ असं लिहून आम्ही दोघांनी सह्या केल्या आणि मंडळाने शोधासाठी पुढच्या पडताळणीपर्यंतची मुदत दिली. जूनमध्ये नवा पंखा आला. त्याला १५३ क्रमांक दिला, कारण १४७ ते १५२ देणगीच्या वस्तूंना गेले होते. जुन्या पंख्याची ओळ अजून तिथेच आहे.