पाजताना आईची साखर रात्री का उतरते?

गरोदरपणात वाढवलेलं इन्सुलिन बाळंतपणानंतर तेवढंच घेत राहणं धोक्याचं आहे. वार पडताच गरज एकदम घटते. अंगावरचं दूध सुरू झालं की ती बहुतेकींची आणखी उतरते, कारण दुधातली साखर आईच्या रक्तातल्या ग्लुकोजपासूनच बनते.

समजा, तुम्हाला टाइप १ मधुमेह आहे. दिवस राहण्यापूर्वी रात्रीचं इन्सुलिन १६ युनिट होतं, नवव्या महिन्यात ३०. घरी आल्यावर पुन्हा १६ घेताय, तरी पहाटे तीनला पाजून झाल्यावर घाम, थरथर. वाटतं जागरणाने असेल, पण मीटरवर ५८. सकाळीच डॉक्टरांना कळवा. अशा वेळी डोस साधारण पाचव्या हिश्शाने, म्हणजे १३ पर्यंत, कमी करावा लागतो. इन्सुलिन स्वतःहून बंद मात्र करू नका. त्याने दुधातून बाळाला अपाय होत नाही.

साखर ७० खाली दिसली तर आधी बाळाला सुरक्षित जागी खाली ठेवा. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. इथे डिंकाचा लाडू कामाचा नाही (आमच्या ओझरच्या सासूबाईंना हे पटत नाही), तुपामुळे त्यातली साखर उशिरा चढते. साखर वर आली की अर्धी चपाती आणि दूध घ्या.

झोपताना साखर १०० च्या आत असेल, तर कपभर दूध आणि अर्धी भाकरी खाऊनच आडवं व्हा. रात्री पाजायला बसताना फुटाणे चालतात. साखरेचं पाणी मात्र उशाशीच हवं, स्वयंपाकघरात नको.